गर्भाच्या अंगात मोठ्या माणसाचे रक्त: एका प्रकरणाचा अभ्यास

गर्भाचे हिमोग्लोबिन प्रौढाच्या हिमोग्लोबिनपेक्षा प्राणवायू घट्ट धरून ठेवते आणि स्नायूतील मायोग्लोबिन त्याहूनही कितीतरी घट्ट धरते, हे बारावीच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. मात्र या घट्ट पकडीचा नेमका उपयोग काय, असे विचारले की बहुतेकांकडून एकच उत्तर मिळते: गर्भाचे रक्त आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घेते. ‘ओढून घेते’ हा शब्द सोयीचा आहे, पण तो विचाराला चुकीच्या वाटेला लावतो. ते कसे, हे पाहण्यासाठी निसर्गाने आणि वैद्यकाने मिळून घडवलेला एक प्रयोग आपल्यासमोर आहे. गर्भाला गर्भाशयातच रक्त द्यावे लागते तेव्हा त्याच्या अंगातले स्वतःचे हिमोग्लोबिन जवळजवळ नाहीसे होते आणि जन्मापर्यंतचे काही आठवडे तो मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनवर जगतो. पकड सैल झाली, तरीही बाळ जगले आणि वाढले. मग त्या पकडीने आजवर काय केले होते?

पुढे जे प्रकरण मांडले आहे ते कोणा एका स्त्रीच्या फाइलमधून उतरवलेले नाही. या आजारात नेहमी आढळणारा क्रम आणि नेहमी आढळणारे आकडे घेऊन ते उभे केले आहे, जेणेकरून हिशोब शेवटपर्यंत करून पाहता यावा.

प्रसंग

आई २७ वर्षांची, रक्तगट आरएच निगेटिव्ह, दुसरी खेप. पहिले मूल आरएच पॉझिटिव्ह जन्मले आणि त्या बाळंतपणानंतर द्यायचे अँटी-डी इंजेक्शन राहून गेले. त्या वेळी बाळाच्या काही लाल पेशी आईच्या रक्तात शिरल्या, आईच्या शरीराने त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवली आणि ती प्रतिपिंडे या खेपेला वारेतून पलीकडे जाऊन गर्भाच्या पेशी फोडू लागली. आईच्या रक्तातील ही प्रतिपिंडे मोजणाऱ्या इनडायरेक्ट कूम्ब्स चाचणीतले प्रमाण चढत गेले. अठ्ठाविसाव्या आठवड्यात गर्भाच्या मेंदूतील मधल्या धमनीची डॉपलर तपासणी केली, तेव्हा रक्ताचा सर्वोच्च वेग त्या वयाच्या मध्यम मूल्याच्या दीडपटीहून अधिक निघाला. रक्त पातळ झाले आहे आणि हृदय ते अधिक जोराने फिरवत आहे, असा त्याचा अर्थ होतो.

गर्भाला रक्त देण्याचे ठरले. पोटातल्या बाळाला रक्त देण्याची सुरुवात १९६३ साली न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे विल्यम लिली यांनी केली. त्यांनी ते गर्भाच्या पोटाच्या पोकळीत सोडले होते. आज सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, नाळ वारेला जिथे चिकटते तिथे नाळेच्या शिरेत बारीक सुई घालून रक्त थेट प्रवाहात सोडतात. दात्याचे रक्त ओ निगेटिव्ह, आईच्या रक्ताशी जुळवलेले, किरणोत्सर्गाने निर्धोक केलेले आणि थोड्या जागेत जास्त पेशी मावाव्यात म्हणून हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील लाल पेशींचा वाटा, ७५ ते ८० टक्के होईपर्यंत घट्ट केलेले असते. शिवाय ते ताजे असते. या ताजेपणाकडे पुढे पुन्हा यायचे आहे.

अशा वेळी घरातले कोणीतरी हटकून विचारते, “डॉक्टर, एवढ्याशा जिवाला मोठ्या माणसाचं रक्त चालतं का हो?” प्रश्न घाबऱ्या मनाने विचारलेला असतो, परंतु शरीरशास्त्राच्या दृष्टीने याहून नेमका प्रश्न सुचणे अवघड आहे.

सुई शिरेत गेल्यावर आधी एक मिलिलिटर रक्त ओढून तिथल्या तिथे यंत्रावर तपासतात. हे रक्त खरोखर गर्भाचेच आहे, चुकून आईचे नाही, हे ओळखण्याचा मार्ग पेशींचा आकार हा आहे. आईच्या लाल पेशीचे सरासरी आकारमान ८५ ते ९० फेम्टोलिटर असते, तर या वयाच्या गर्भाच्या पेशी ११० च्या वर असतात. इथे आकडा ११८ आला, म्हणजे रक्त गर्भाचेच. हिमोग्लोबिन १०० मिलिलिटरमागे ५ ग्रॅम होते. या वयात ते १२ च्या आसपास हवे. हिमॅटोक्रिट १५ टक्के. गर्भाचे वजन सुमारे १.१ किलो आणि गर्भ व वार मिळून रक्त सुमारे १३० मिलिलिटर धरले, तर हिमॅटोक्रिट ४५ वर नेण्यासाठी सुमारे ५० मिलिलिटर रक्त लागते. ते हळूहळू सोडताना पडद्यावर नाळेच्या शिरेत चमकत्या ठिपक्यांचा झोत पुढे सरकताना दिसतो. सुई योग्य जागी असल्याची ती खूण असते आणि तो झोत दिसेनासा झाला की हात तत्काळ थांबवावा लागतो.

पंचेचाळीसपैकी पंधरा भाग गर्भाचे आणि तीस भाग दात्याचे, म्हणजे पहिल्याच खेपेत दोन तृतीयांश लाल पेशी परक्या झाल्या. उरलेल्या स्वतःच्या पेशी प्रतिपिंडे फोडत राहिली. दात्याच्या पेशींवर आरएचचा डी घटक नसल्याने त्यांना धक्का लागला नाही. रक्त पुरेसे झाल्याचे पाहून गर्भाच्या मज्जेनेही नव्या पेशी बनवणे जवळपास थांबवले. तिसाव्या आणि तेहतिसाव्या आठवड्यात आणखी दोनदा रक्त दिले. त्यानंतर गर्भाच्या अंगात गर्भाचे म्हणता येईल असे हिमोग्लोबिन फारसे उरले नव्हते.

पकड सैल किंवा घट्ट होते म्हणजे काय होते

हिमोग्लोबिन निम्मे भरण्यासाठी प्राणवायूचा जो दाब लागतो त्याला पी-फिफ्टी म्हणतात. प्रौढाच्या रक्ताचा पी-फिफ्टी सुमारे २७ मिलिमीटर पारा आहे, गर्भाच्या रक्ताचा सुमारे २०. आकडा जितका लहान, तितकी पकड घट्ट.

हा फरक येतो कुठून? प्रौढ हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात, गर्भाच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाच्या जागी गॅमा. लाल पेशीत २,३-बीपीजी नावाचा एक छोटा, भरपूर ऋण भार असलेला रेणू असतो. प्राणवायू सोडलेल्या हिमोग्लोबिनच्या मधल्या पोकळीत तो पाचरीसारखा बसतो, रेणूला त्याच रिकाम्या स्थितीत अडकवून ठेवतो आणि त्यामुळे प्राणवायू पुन्हा पकडणे कठीण होते. पोकळीच्या कडेला असलेले धन भार त्याला धरून ठेवतात. बीटा साखळीतल्या १४३ व्या जागी हिस्टिडिन आहे, ते हे काम करते. गॅमा साखळीत त्याच जागी सेरिन आहे आणि सेरिनवर भार नाही. दोन साखळ्यांमिळून दोन धन भार कमी झाले, पाचर सैल बसली. गर्भाच्या हिमोग्लोबिनला प्राणवायूची काही विशेष आवड नाही. बीपीजी पूर्ण काढून टाकले तर दोन्ही हिमोग्लोबिनची पकड जवळजवळ सारखीच निघते. प्रौढाच्या हिमोग्लोबिनला जो अडथळा होतो, तो गर्भाच्या हिमोग्लोबिनला कमी होतो, इतकेच.

दात्याचे रक्त ताजे का हवे, याचे एक कारण इथे सापडते. रक्तपेढीच्या पिशवीत दोन-तीन आठवडे पडून राहिलेल्या पेशींमधले बीपीजी जवळपास संपलेले असते. असे रक्त प्रौढाचे असूनही त्याची पकड घट्ट झालेली असते आणि अंगात गेल्यावर बीपीजी पुन्हा तयार होण्यास एक ते तीन दिवस लागतात. जुन्या पिशवीत पोटॅशियमही साचलेले असते आणि गर्भाच्या हृदयासाठी तो धोका मोठा आहे. ताज्या रक्तात या दोन्ही गोष्टी नसतात, आणि म्हणूनच आपल्या गर्भाला मिळालेले रक्त पहिल्या मिनिटापासून खऱ्या अर्थाने प्रौढाचे होते.

आता हिशोब. हिल यांच्या साध्या सूत्राने कोणत्याही दाबाला हिमोग्लोबिन किती भरेल ते काढता येते. हिमोग्लोबिनसाठी घातांक २.७ धरला आहे आणि सोपेपणासाठी आम्लतेचा फरक बाजूला ठेवला आहे.

```
S = P^2.7 / (P^2.7 + P50^2.7)
```

वारेतून गर्भाकडे निघालेल्या रक्तात प्राणवायूचा दाब सुमारे ३० असतो. गर्भाकडून वारेकडे परतणाऱ्या रक्तात तो सुमारे १८ असतो. नाळेत नावे उलटी असतात: शुद्ध रक्त शिरेतून येते, वापरलेले रक्त धमन्यांतून जाते. ३० दाबाला गर्भाचे हिमोग्लोबिन ७५ टक्के भरते, प्रौढाचे ५७ टक्के. फरक मोठा आहे. पण १८ दाबाला गर्भाचे ४३ टक्के भरलेले राहते आणि प्रौढाचे २५ टक्के. वजाबाकी करून पाहावी. गर्भाच्या रक्ताने वाटेत ३२ टक्के प्राणवायू उतरवला. प्रौढाच्या रक्तानेही ३२ टक्केच उतरवला.

हा निकाल पहिल्यांदा कागदावर आला तेव्हा मी आकडे दोनदा तपासले होते, कारण इतकी वर्षे शिकलेल्या गोष्टीचा आधारच निसटल्यासारखे वाटले. पण हिशोब बरोबर आहे. घट्ट पकड भरताना जितके जास्त मिळवून देते, तितकेच सोडताना राखून ठेवते. शांत, निरोगी वारेच्या दाबांमध्ये दोन्ही रक्ते गर्भाला एका फेरीत सारखाच प्राणवायू पोहोचवतात.

‘ओढून घेण्याची’ कल्पना इथे कोसळते. प्राणवायू आईच्या रक्तातून गर्भाच्या रक्तात जातो तो केवळ दाबाच्या उतारामुळे, जसे पाणी पातळीच्या उतारामुळे जाते. घट्ट पकडीमुळे तो उतार निर्माण होत नाही. पकड ठरवते ती एवढेच, की मिळालेल्या दाबाला रक्तात किती माल मावेल. आईच्या हिमोग्लोबिनमध्ये जन्मजात बदल असून तिचीच पकड गर्भापेक्षा घट्ट आहे, अशीही कुटुंबे जगात सापडली आहेत. अशा मातांना नेहमीच्या वजनाची निरोगी मुले झाल्याच्या नोंदी आहेत. ओढाओढीचा सिद्धांत खरा असता तर ती मुले जगायला नको होती.

या बाळाला नेमके काय कमी पडले होते

गर्भाला दर किलोमागे मिनिटाला सुमारे ७ मिलिलिटर प्राणवायू लागतो आणि नाळेतून दर किलोमागे मिनिटाला सुमारे ११५ मिलिलिटर रक्त वाहते. म्हणजे दर १०० मिलिलिटर रक्ताने सुमारे ६.१ मिलिलिटर प्राणवायू उतरवला पाहिजे.

एक ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिलिलिटर प्राणवायू धरते. ५ ग्रॅम हिमोग्लोबिनची पूर्ण क्षमताच ६.७ मिलिलिटर होते आणि ७५ टक्के भरल्यावर हातात येतात ५ मिलिलिटर. सगळे उतरवले तरी ६.१ भरून निघत नाही. त्यामुळे हृदयाला रक्ताचा फेरा वाढवावा लागतो. प्रवाह समजा २०० पर्यंत नेला, तर दर १०० मिलिलिटरमागे ३.५ मिलिलिटर पुरतात, पण परतणारे रक्त २२ टक्क्यांवर येते आणि त्याचा दाब साडेबारापर्यंत घसरतो. मेंदूच्या धमनीत दिसलेला वाढलेला वेग हाच. या गर्भाची पकड उत्तम होती, पण धरायला हिमोग्लोबिनच नव्हते. हृदय हा ताण फार दिवस सोसत नाही. पुढे गर्भाच्या अंगात, पोटात, छातीत पाणी साचू लागते आणि मग वाचवणे कठीण होते.

रक्त दिल्यानंतर हिमोग्लोबिन १४ ग्रॅम झाले. क्षमता १८.८ मिलिलिटर. तिचे ३२ टक्के म्हणजे ६ मिलिलिटर. गरज होती ६.१ ची. पकड सैल झाली, तरी प्रवाह नेहमीचा ठेवून हिशोब जुळला. दुसऱ्या दिवशीच्या डॉपलरमध्ये वेग खाली आला, तो यामुळेच. घरच्यांच्या प्रश्नाचे उत्तर ‘चालते’ असे आहे, आणि का चालते हेही आता आकड्यांत दिसते.

पण चालते ते कुठवर? आता प्रसूतीची कळ आली असे समजू. गर्भाशय आवळले, वारेकडे येणारे आईचे रक्त काही काळ कमी झाले आणि नाळेच्या शिरेतला दाब ३० वरून २० वर आला. गर्भाचे स्वतःचे रक्त असते तर ते या दाबालाही ५० टक्के भरले असते. त्यातून ३२ टक्के उतरवून १८ टक्के शिल्लक राहिले असते आणि परतीच्या रक्ताचा दाब ११ च्या थोडा वर राहिला असता. कमी, पण निभावण्याजोगा. प्रौढाचे रक्त २० दाबाला भरते केवळ ३१ टक्के. १८.८ चे ३१ टक्के म्हणजे ५.८ मिलिलिटर. पूर्ण रिकामे केले तरी गरज भागत नाही, आणि पूर्ण रिकामे करणे तर शक्यच नसते, कारण मग उतींपर्यंत जाण्यासाठी दाबच उरत नाही.

घट्ट पकडीचा लाभ इथे आहे. सुखाच्या दिवसात ती दिसत नाही. दाब घसरला, की ज्याच्याकडे त्या कमी दाबालाही माल भरण्याची सोय आहे तो तगतो. गर्भाचे सारे जगणेच प्रौढाच्या तुलनेत कमी दाबाचे असल्याने त्याला ही सोय सतत जवळ हवी. गर्भाच्या बाजूने आणखी दोन गोष्टी असतात. पूर्ण दिवसांच्या बाळाचे हिमोग्लोबिन १६-१७ ग्रॅम असते, म्हणून ३० दाबाच्या त्याच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे साडेसोळा मिलिलिटर प्राणवायू मावतो. ९५ दाबाच्या आईच्या धमनीतल्या रक्तात, तिचे हिमोग्लोबिन ११ असेल तर, साडेचौदाच असतो. दुसरी गोष्ट अशी, की वारेत गर्भ आपला कार्बन डायऑक्साइड आईला देतो, त्यामुळे त्याच क्षणी त्याची पकड थोडी घट्ट होते आणि आईची थोडी सैल.

यावरून माझे स्वतःचे मत असे झाले आहे की रक्त दिलेल्या गर्भाच्या प्रसूतीत हृदयाच्या आलेखाकडे इतर बाळांपेक्षा कमी सवलतीने पाहावे, आणि प्रसूतीपूर्वी हिमोग्लोबिन घसरू देऊ नये. पकड परत देता येत नाही, हिमोग्लोबिन मात्र देता येते.

जन्मानंतरचे कागद

सदतिसाव्या आठवड्यात नैसर्गिक प्रसूती झाली, बाळ रडले. नाळेतल्या रक्ताची क्लायहाउअर चाचणी कुतूहल म्हणून केली. ही चाचणी १९५७ पासून वापरात आहे. काचपट्टीवरील पेशी आम्लात धरल्या की प्रौढ हिमोग्लोबिन विरघळून वाहून जाते, गर्भाचे टिकते, आणि मग रंग दिला की गर्भाच्या पेशी गडद गुलाबी दिसतात. एरवी नवजात बाळाची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी ठिपक्यांनी भरलेली असते. या बाळाच्या काचपट्टीवर फिकट, पोकळ, केवळ कडा उरलेल्या पेशींचे रानच दिसत होते आणि त्यात कुठे कुठे एखादी गुलाबी पेशी. हे रक्त प्रौढाचे आहे, असे कोणीही सांगितले असते.

नाळेच्या शिरेतला दाब ३० होता. रक्तवायू तपासणीच्या यंत्राने छापलेली संपृक्तता, म्हणजे हिमोग्लोबिन किती भरले आहे तो आकडा, ५७ टक्के होती आणि प्रत्यक्ष मोजलेली ५६. दोन्ही जुळल्या, ही खरे तर नवलाची गोष्ट होती. अनेक यंत्रे संपृक्तता मोजत नाहीत, दाबावरून प्रौढाच्या वक्राने काढून छापतात. साध्या नवजात बाळात हाच दाब असताना यंत्र ५७ छापते आणि खरी संपृक्तता ७५ च्या आसपास असते. आकडा मोजलेला आहे की काढलेला, हे न पाहता त्यावर निर्णय घेणे ही प्रसूतिकक्षात वारंवार होणारी चूक आहे.

याचाच आरसा बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरमध्ये दिसतो. त्यावर ९२ टक्के दिसत असताना गर्भाचे रक्त असलेल्या बाळाच्या धमनीत दाब सुमारे ४९ असतो, तर प्रौढाचे रक्त मिळालेल्या बाळात सुमारे ६७. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, प्राणवायूवर ठेवलेल्या बाळात हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण जास्त दाब त्याच्या डोळ्यांतील दृष्टिपटलाच्या वाढत्या रक्तवाहिन्यांना इजा करू शकतो. रक्त दिल्यानंतर पडद्यावरचा आकडा तोच राहतो, त्याचा अर्थ बदललेला असतो.

विदर्भात सिकलसेलसाठी नवजात बाळांची तपासणी केली जाते, तिथे आणखी एक अडचण येते. अशा बाळाच्या रक्तात दात्याचे हिमोग्लोबिन असल्याने अहवाल दात्याचा निघतो. रक्त दिल्याची नोंद तपासणीच्या कागदावर ठळक लिहावी आणि काही महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी.

पलीकडची पायरी: आईची मांडी आणि आईचे हृदय

कमी दाबाला माल धरून ठेवायचा, हाच प्रश्न त्याच खोलीत दुसऱ्या ठिकाणी, याहून टोकाच्या रूपात सुटत होता. कळा देणाऱ्या आईच्या मांड्यांचे, पाठीचे आणि श्वासाचे स्नायू काम करत होते, आणि काम करणाऱ्या स्नायूच्या पेशीत दाब २० किंवा १० नसतो. १९९५ मध्ये मांडीच्या स्नायूचे चुंबकीय अनुनादाने मापन झाले, तेव्हा जोराच्या व्यायामात पेशीतला दाब ३ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास आढळला.

३ दाबाला गर्भाचे हिमोग्लोबिन एक टक्कासुद्धा भरलेले राहत नाही. स्नायूत ते असते तर रिकामी पिशवी ठरले असते. मायोग्लोबिनचा पी-फिफ्टी सुमारे अडीच आहे. ३ दाबाला ते ५५ टक्के भरलेले राहते. त्याची एकच साखळी असते, त्यामुळे एका जागेने दुसरीला मदत करण्याचा प्रश्न येत नाही, वक्र एस-आकाराचा न होता सरळ चढून सपाट होतो, आणि बीपीजीला बसायला पोकळीच नाही.

उलट बाजूनेही पाहावे. पकड घट्ट असणे चांगलेच, असे मानून गर्भाच्या रक्तात मायोग्लोबिन भरले तर? ३० दाबाला ते ९२ टक्के भरेल आणि १८ दाबाला ८८ टक्के भरलेलेच राहील. उतरेल केवळ ४ टक्के. रक्त लालभडक, तरीही गर्भ गुदमरलेला. पकड किती असावी हे त्या जागेच्या दाबावरून ठरते: पी-फिफ्टी कामाच्या दाबाजवळ असला तरच रेणू भरतोही आणि सोडतोही. आईच्या फुप्फुसापासून उतींपर्यंत २७, नाळेत २०, स्नायूच्या पेशीत अडीच, अशा त्या पायऱ्या आहेत.

स्नायूत कमी दाब ही उणीव नाही, ती गरज आहे. केशवाहिनीतल्या २०-३० दाबाच्या रक्तातून प्राणवायू पेशीत वेगाने शिरायचा तर आतला दाब खूप खाली असला पाहिजे. पण इतक्या खालच्या दाबाला पाण्यात विरघळलेला प्राणवायू नगण्य असतो. मायोग्लोबिनमुळे पेशीतला दाब ३ वर राहूनही साठा निम्मा भरलेला राहतो, आणि मायटोकॉन्ड्रियाला तर एकापेक्षाही कमी दाब पुरतो. उतार कायम राहतो आणि हात रिकामा पडत नाही.

हा साठा केवढा? हृदयाच्या एक किलो स्नायूत सुमारे ४ ग्रॅम मायोग्लोबिन धरले तर त्यात ५ मिलिलिटरच्या थोडा वर प्राणवायू मावतो. विश्रांतीत हृदय किलोमागे सेकंदाला सुमारे दीड मिलिलिटर वापरते. म्हणजे साठा तीन-चार सेकंदांचा. हृदय आकुंचन पावते तेव्हा त्याच्या स्वतःच्याच रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि हा काळ सुमारे तृतीयांश सेकंदाचा असतो. तेवढ्या खंडाला हा साठा निवांत पुरतो. मांडीच्या स्नायूला मात्र जोराच्या कामात तो सेकंदभरच पुरेल, म्हणून माणसाच्या स्नायूतील मायोग्लोबिनला कोठार म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटते. सीलच्या स्नायूत ते माणसाच्या दहापटीच्या घरात असते. तिथे कोठार हा शब्द शोभतो, कारण तो प्राणी श्वास रोखून बराच वेळ पाण्याखाली राहतो.

१९९८ मध्ये मायोग्लोबिन अजिबात नसलेले उंदीर तयार करण्यात आले आणि ते हिंडले-फिरले, धावलेसुद्धा. तपासल्यावर दिसले की त्यांच्या हृदयात केशवाहिन्या दाट झाल्या होत्या आणि रक्ताचा ओघ वाढला होता. आपल्या गर्भाने प्रौढाचे रक्त निभावून नेले, तशीच ही गोष्ट आहे. रेणूने केलेली सोय काढून घेतली तर शरीर तीच सोय प्रवाह वाढवून करते आणि त्या बदल्यात गरजेच्या वेळी वाढवायला शिल्लक कमी राहते.

गर्भाच्या स्वतःच्या हातापायांच्या स्नायूंत मायोग्लोबिन अजून थोडेच असते. ते जन्मानंतर, स्नायू कामाला लागल्यावर वाढते.

पुढचे तीन महिने

बाळाला घरी सोडताना एक सूचना लिहून दिली: दर आठवड्याला हिमोग्लोबिन. दात्याच्या पेशी वय होऊन संपत जातात, झोपलेली मज्जा लगेच जागी होत नाही आणि आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात काही आठवडे रेंगाळतात. त्यामुळे महिना ते तीन महिन्यांच्या काळात हिमोग्लोबिन हळूहळू खाली येते, आणि कावीळ नसल्याने घरच्यांना काहीच जाणवत नाही. बाळ दूध ओढताना दमते, घाम येतो, वजन थांबते, ही त्याची चिन्हे. सहाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन ७ वर आले, तेव्हा एकदा थोडे रक्त द्यावे लागले. दहाव्या आठवड्यात अपक्व लाल पेशींची संख्या चढू लागली, म्हणजे मज्जा उठली होती. त्यानंतरच्या तपासणीत गर्भाच्या हिमोग्लोबिनचे प्रमाण जन्मवेळेपेक्षा जास्त निघाले. इतर बाळांमध्ये ते या वयात उतरत असते. इथे ते वर आले, कारण बाळ आता स्वतःचे रक्त बनवत होते आणि त्याच्या मज्जेतल्या गॅमा साखळ्या अजून बंद झाल्या नव्हत्या.